ज्योत बर्नरवर टिकते कशी?

गॅस मंद करताना कधी कधी ‘फट्’ असा आवाज होतो, वरची ज्योत नाहीशी होते आणि शेगडीच्या पोटातून घरघर ऐकू येते. ज्योत बर्नरच्या छिद्रांतून आत शिरून जेटजवळ जळू लागलेली असते. याच्या उलट प्रकारही होतो. सूं सूं आवाज करत ज्योत बर्नरपासून सुटते, अधांतरी थरथरते, प्रसंगी विझते आणि न जळलेला गॅस स्वयंपाकघरात पसरतो.

एलपीजी आणि हवेच्या मिश्रणात आग सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगाने मागे, म्हणजे गॅस येतो त्या दिशेला, सरकू पाहते. गॅस तिला पुढे ढकलतो. दोन किलोवॅटच्या बर्नरला दीड मिलिमीटरची शंभर छिद्रं आहेत असं धरू. जेटमधून निघालेला गॅस वाटेत हवा ओढून घेतो आणि हे मिश्रण छिद्रांतून सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास वेगाने बाहेर येतं. हा वेग आगीच्या चौपटीहून जास्त, तरी ज्योत उडून जात नाही. छिद्राच्या कडेला घासून जाणारा गॅस हळू असतो, तिथे तिला पाय रोवता येतो.

बटण फिरवून गॅस पाव केला, की मिश्रणाचा वेग ४५ सेंटिमीटरवर येतो. आता आग आत का शिरत नाही? दीड मिलिमीटरच्या छिद्रात धातू चहूबाजूंनी तिची उष्णता शोषतो आणि ती आतल्या आत विझते. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी बनवलेला जाळीचा दिवा याच तत्त्वावर चालायचा.

दूध उतू जाऊन बुजलेली छिद्रं मोकळी करायला कुणी ड्रिल फिरवलं आणि ती तीन मिलिमीटरची झाली, तर क्षेत्रफळ चौपट होतं. मोठ्या आचेलाच वेग ४५ सेंटिमीटर, मंद आचेला जेमतेम ११! शिवाय भोक रुंद झाल्याने धातूची राखणही गेली. ज्योत आत जाणारच. बर्नरची टोपी नीट बसली नसेल तर त्या फटीतूनही ती आत जाते. अशा वेळी लगेच बटण बंद करावं आणि बर्नर पूर्ण थंड होऊ द्यावा, कारण तापलेला धातू आग तितकी अडवत नाही.

ज्योत सुटण्यामागे बहुधा दाब असतो. घरगुती रेग्युलेटर सिलिंडरमधला दाब उतरवून ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतो. रेग्युलेटर बिघडून तो चौपट झाला, तर जेटमधला प्रवाह दुप्पट होतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मग कडेचा गॅसही इतका वेगवान होतो, की ज्योतीचे पाय सुटतात. हवा प्रमाणाबाहेर ओढली गेली तरी हेच घडतं. दोन्ही बर्नरवर ज्योत सुटत असेल तर आधी संशय रेग्युलेटरवर घ्यावा. एकाच बर्नरवर सुटत असेल तर त्याची बुजलेली छिद्रं आणि हवेची खिडकी तपासून घ्यावी.