वर्ष, गाव, सत्र : संमेलनाच्या संकेतस्थळाची आखणी
(लेखमाला : भाग ४)

मागील भागात आपण संस्थेच्या कायमस्वरूपी संकेतस्थळाचा विचार केला. या वेळी दोन-तीन दिवसांच्या कार्यक्रमाचे संकेतस्थळ घेऊ. उदाहरण खानदेशातलेच आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९७ वे अधिवेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला, रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. असे संकेतस्थळ नव्याने उभारायचे झाले, तर सुरुवात नोंदणीच्या अर्जापासून करू नये. संमेलन संपल्यावर काय उरणार, हे आधी ठरवावे. बाकीची रचना त्यावरून आपोआप सुचते.

खानदेशात हे संमेलन यापूर्वीही भरले आहे : १९३६ साली जळगावला, १९४४ साली धुळ्याला, १९५२ साली अमळनेरला आणि १९८४ साली पुन्हा जळगावला. म्हणजे जळगाव दोनदा आले आणि अमळनेरही दोनदा. पत्त्यात फक्त गावाचे नाव घातले, तर दुसऱ्या वेळचे संमेलन पहिल्याच्या जागेवर जाऊन बसेल. म्हणून वर्ष आणि गाव दोन्ही हवेत :

```
/1936-jalgaon/
/1984-jalgaon/
/2024-amalner/
/2024-amalner/satra/07/
/vyakti/madhav-julian/
```

चौथी ओळ एका सत्राची आहे. तिच्यात वेळ किंवा सभामंडपाचे नाव मुद्दाम घातलेले नाही, कारण ऐनवेळी बदलतात ते नेमके हेच. सत्राचा क्रमांक एकदा दिला की तो बदलायचा नाही. परिसंवाद सकाळऐवजी दुपारी गेला, तर त्या नोंदीतली वेळ तेवढी बदलावी. वेळापत्रक आणि वक्त्याचे पान दोन्ही त्याच नोंदीतून तयार होत असतील, तर दोन ठिकाणी दोन वेळा दिसण्याचा प्रश्नच येत नाही. छापील कार्यक्रमपत्रिकेचा फोटो चढवून भागवले की हा फायदा जातो. जुना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतो आणि लोक चुकीच्या वेळी मंडपात पोहोचतात. वेळापत्रक साध्या मजकुराचेच असावे आणि त्यावर शेवटच्या बदलाची वेळ ठळक दिसावी.

पाचवी ओळ व्यक्तीची आहे आणि ती वर्षाच्या बाहेर ठेवली आहे. १९३६ चे अध्यक्ष माधव जूलियन म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन. १९४४ चे मामा वरेरकर म्हणजेच भार्गवराम विठ्ठल वरेरकर. एका माणसाचे एकच पान हवे आणि कोणत्याही नावाने शोधले तरी तेच सापडायला हवे. वक्ता पुढे दुसऱ्या संमेलनात आला, तर नवे पान करू नये. आहे त्याच पानाला नवे सत्र जोडावे.

आता प्रतिनिधी नोंदणी. इथला गोंधळ बहुधा पैसे भरताना होतो. माणूस यूपीआयने पैसे देतो, पण मध्येच फोन येतो आणि तो संकेतस्थळावर परतत नाही. ‘धन्यवाद’चे पान उघडले तरच नोंदणी पक्की धरायची अशी रचना असेल, तर पैसे जातात आणि नोंदणी होत नाही. मग तो दुसऱ्यांदा पैसे भरतो. म्हणून अर्ज भरताच नोंदणी क्रमांक द्यावा आणि नोंद ‘प्रलंबित’ ठेवावी. ती ‘पक्की’ करायची ती पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरने आपल्या सर्व्हरला थेट कळवल्यावर, त्या निरोपाची खातरजमा करून. याची परीक्षा सोपी आहे : एक रुपया भरा आणि परत येण्याआधी ब्राउझर बंद करा. तरीही नोंदणी पक्की झाली, तर रचना बरोबर आहे.

प्रतिनिधींची नावे, फोन आणि निवासाची माहिती वेगळ्या साठ्यात ठेवावी. हिशेब आणि तपासणी पूर्ण झाली की ती काढून टाकावी. संग्रहात तिचे काही काम नाही.

संमेलन संपल्यावर अर्ज बंद करावा, प्रत्येक सत्राला ध्वनिचित्रफीत आणि भाषणाची संहिता जोडावी आणि सगळी पाने साध्या एचटीएमएल फायलींमध्ये उतरवून घ्यावीत. अशा पानांना डेटाबेस लागत नाही, त्यामुळे त्यांची देखभाल फारशी उरत नाही. एक प्रत web.archive.org वर नोंदवावी.

तरीही एक धोका उरतो. संमेलन दरवर्षी गाव बदलते. स्वागत समिती कामापुरती असते आणि डोमेन अनेकदा एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर घेतलेले असते. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, कुणी पैसे भरत नाही आणि पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून डोमेन कायम टिकणाऱ्या संस्थेच्या नावावर आणि तिच्याच ईमेलवर घ्यावे. यजमान गावाला त्याखाली त्या वर्षाचा विभाग द्यावा. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाचे कार्यालयही घटक संस्थांमध्ये फिरते असते, त्यामुळे खात्याचा ताबा लेखी हस्तांतरात नोंदवला पाहिजे.

पुढील भागात : सत्रांच्या नोंदींसाठी तक्ता कसा आखावा, आणि एकाच वेळी दोन मंडपांत नाव लागलेला वक्ता आधीच कसा ओळखावा.