उद्याची अपॉइंटमेंट आठवून द्यायची, पण किती वाजता?

या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलताना जे घाईत सुटलं, ते इथे जरा नीट मांडलंय.

प्रश्न साधा आहे. धंतोली किंवा रामदासपेठेत एखाद्या डेंटल क्लिनिकला रिमाइंडरची सिस्टम बसवून द्यायची आहे. मेसेज कधी जावा, फोन कधी जावा? बहुतेक डेव्हलपर कोडमध्ये "अपॉइंटमेंटच्या २४ तास आधी" लिहून मोकळे होतात. सकाळी साडेआठची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या दिवशी साडेआठला माणूस मुलांना शाळेत सोडत असतो. मेसेज दिसतो, मनात "नंतर बघू" येतं, आणि ते नंतर येतच नाही.

आधी नियम, कारण तो गैरसमजांनी भरलाय

भारतात व्यावसायिक कॉल आणि एसएमएसवर ट्रायचे २०१८ चे नियम लागू आहेत. त्यात जाहिरात वेगळी आणि सेवा वेगळी. जाहिरातीचे मेसेज साधारणपणे सकाळी १० ते रात्री ९ मध्येच जातात. डीएनडी लावलेल्याला ते स्पष्ट संमतीशिवाय पाठवता येत नाहीत. पण तुम्हीच घेतलेल्या अपॉइंटमेंटची आठवण ही सेवा आहे. तिला हे घड्याळ लागत नाही, आणि ती डीएनडी असलेल्या नंबरवरही पोचते.

तुमच्या फोनवर आत्ता बघा. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी `-S` असेल तर तो सेवेचा मेसेज आहे, `-P` असेल तर जाहिरातीचा.

खरी गडबड इथेच होते. रिसेप्शनवर कोणीतरी म्हणतं, "अरे, मेसेज जातोच आहे तर खाली दात पांढरे करण्याची ऑफर पण टाक ना." ती एक ओळ पडली की आठवणीची जाहिरात झाली. पेशंटने नंबर दिला होता तो दाढ दुखते म्हणून, ऑफर ऐकायला नाही. ऑफर पाठवायची असेल तर वेगळी परवानगी, वेगळं टेम्प्लेट आणि १० ते ९ ची वेळ. फॉर्मवर दोन वेगळे चौकोन ठेवा: एक आठवणीसाठी, एक ऑफरसाठी. दुसरा आधीच टिक केलेला नको.

व्हॉट्सॲपवर ट्रायचं हे टेम्प्लेट चालत नाही. पण तिथेही कंपनी उपयुक्त मेसेज आणि मार्केटिंग वेगळं धरते, आणि आधी परवानगी मागते.

चालतं म्हणून रात्री अकराला पाठवायचं का?

नाही ना. जगात बाकीचे काय करतात बघा. अमेरिकेत विक्रीचे फोन समोरच्याच्या स्थानिक वेळेनुसार सकाळी ८ ते रात्री ९ मध्येच करता येतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कर्जवसुलीच्या फोनला सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही हद्द घालून दिली. थकलेलं कर्ज मागायलाही सातनंतर फोन नको, तर दाताच्या अपॉइंटमेंटसाठी कशाला?

पण हद्द फक्त "कधी नको" सांगते. "कधी हवं" हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: हा मेसेज वाचून माणूस काही करू शकेल, अशी शेवटची वेळ कोणती? त्या वेळेच्या आधी मेसेज पोचला पाहिजे.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा, गुरुवारी सकाळी ११ ला रूट कॅनॉलची दुसरी सिटिंग आहे. पेशंट चंद्रपूरचा. रस्त्याने तीनेक तास, म्हणजे तो सातच्या सुमारास निघणार. गुरुवारी सकाळी ९ ला रिमाइंडर गेला तर तो एकतर वरोऱ्याच्या पुढे आलेला असेल, नाहीतर विसरून घरीच बसलेला. दोन्हीकडे मेसेज वाया. बुधवारी रात्री साडेआठला गेला तर त्याला रद्द करता येईल, पण सुट्टी सांगायला उशीर झाला आणि क्लिनिकलाही ती जागा दुसऱ्याला देता येत नाही.

म्हणून मेसेज बुधवारी सकाळी ११ ला. त्यात "येणार असाल तर १, वेळ बदलायची असेल तर २". उत्तर आलं, तर फोन करायचाच नाही. पाचपर्यंत उत्तर नाही, तर ५ ते ७ मध्ये एक फोन, एकच. तरी उचलला नाही तर पुन्हा पुन्हा डायल करायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटा मेसेज पुरे.

आता दुसरा पेशंट. प्रतापनगरचा, गुरुवारी संध्याकाळी ७ ची वेळ. त्याला त्याच दिवशी साडेदहाला मेसेज चालतो, कारण पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे.

म्हणजे एकाच क्लिनिकमध्ये दोन वेळापत्रकं झाली. फरक अंतराने आणि सत्राने पडला.

मेसेज आणि फोन यांना एकच वेळ लावू नका. मेसेज गप्प पडून राहतो, फोन काम थांबवतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी १ ते ४ कूलर लावून अर्धं शहर आडवं झालेलं असतं. त्या वेळेत मेसेज ठीक, फोन अजिबात नको.

कोड बरोबर, तरी मेसेज मध्यरात्री

दोन ठिकाणी हे हमखास बिघडतं. पहिलं, सर्व्हरचं घड्याळ. क्लाउडचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी १० साठी तुम्ही १० लिहिलंत तर मेसेज दुपारी साडेतीनला जाईल. बरोबर ओळ अशी:

```
30 4 * * *
```

दुसरं, अडकलेला मेसेज. फोन बंद असेल तर नेटवर्क एसएमएस धरून ठेवतं आणि फोन सुरू झाला की टाकतं. संध्याकाळी ६ चा मेसेज रात्री पावणेबाराला वाजतो. पेशंटला वाटतं, क्लिनिकवाले वेडे झाले. उपाय म्हणजे मेसेजला मुदत द्यायची. बहुतेक गेटवेमध्ये `validity_period` असतं. ६ ला पाठवला तर ३ तास, म्हणजे ९ नंतर तो मरतो.

यासाठी लॉगमध्ये पाठवल्याची वेळ बघू नका, पोचल्याची वेळ बघा. पोचल्याच्या वेळा तासांनुसार लावल्या की रात्री ९ नंतरचे मेसेज लगेच उघडे पडतात.

"नको" म्हटलं की काय थांबवायचं?

पेशंटने "नको" लिहिलं तर आठवण एसएमएस, व्हॉट्सॲप, फोन सगळीकडे थांबली पाहिजे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचंही तत्त्व हेच: संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणं. पण डॉक्टर आजारी पडले आणि अपॉइंटमेंटच रद्द झाली, तर ते कळवायलाच हवं. नाहीतर तो चंद्रपूरहून फुकट येईल. म्हणून डेटाबेसमध्ये एकच "बंद" खूण ठेवू नका. आठवण, ऑफर आणि रद्द झाल्याची सूचना, तिघांना वेगळे रकाने द्या.

आणि ऐकणाऱ्यांपैकी जे पेशंट आहेत त्यांच्यासाठी: विनापरवानगी ऑफर आली तर १९०९ वर तक्रार करा, किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर. क्लिनिकवाल्यांनो, साध्या दहा आकडी सिमवरून ऑफरचे मेसेज ढकलत असाल तर लक्षात ठेवा: २०२५ च्या दुरुस्तीनंतर १० दिवसांत ५ तक्रारी कारवाईला पुरतात.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या फोनमधले `-P` मोजून बघा.