चहा मिनिटाला किती अंशांनी निवतो?

तिरोड्यात डिसेंबरातल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात वीस अंश तापमान असताना चिनी मातीच्या कपात चहा ओतला आणि प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक त्यात धरला. ताप बघायचा तापमापक इथे चालत नाही, तो बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपुढचं दाखवतच नाही. पहिली दोन मिनिटं सोडून दिली, कारण तेवढ्यात कप स्वतः तापत असतो आणि तापमापकाचा पाराही चढायचा असतो. मग घड्याळ लावलं. सुरुवातीला ८०, दहा मिनिटांनी ५९, वीस मिनिटांनी ४६.५ अंश.

चहा ठरावीक वेगाने निवतो, हा समज इथेच मोडतो. पहिल्या दहा मिनिटांत २१ अंश गेले, पुढच्या दहांत साडेबाराच. निवण्याचा वेग चहा आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. न्यूटनने हा नियम १७०१ साली मांडला. म्हणून नोंदींतून आधी खोलीचे २० अंश वजा करायचे: ६०, ३९, २६.५. मग

k = ln(60/39) / 10 = 0.043

म्हणजे उरलेल्या फरकातला साधारण ४.३ टक्के हिस्सा दर मिनिटाला जातो. खोलीचं तापमान वजा करायला विसरलात तर हाच आकडा 0.030 येतो, आणि तो साफ चुकीचा असतो.

k हा चहाचा गुणधर्म आहे, असंही अनेकांना वाटतं. खरं तर तो कप, चहाची मात्रा, उघडा पृष्ठभाग आणि वारा या सगळ्यांचा मिळून असतो. तोच चहा बशीत ओतला की पृष्ठभाग वाढतो, थर पातळ होतो आणि k कितीतरी मोठा येतो.

मे महिन्यात स्वयंपाकघर ४० अंशांवर असतं. k तेवढाच धरला, तरी ८० वरून ६० वर यायला साडेनऊऐवजी सोळा मिनिटं लागतात, आणि या नियमाच्या हिशेबाने चहा ४० च्या खाली जात नाही.

आता k हा स्थिर असतो, या समजाकडे येऊ. दुसऱ्या दहा मिनिटांचा हिशेब करा: ln(39/26.5) / 10, म्हणजे 0.039. थोडा उतरला. मोजण्यात चूक झाली, असं पहिल्यांदा वाटतं, पण यात वाफेचा मोठा वाटा आहे. गरम चहावरून पाणी उडतं तेव्हा ते बरीच उष्णता घेऊन जातं, आणि हे उडणं तापमानाबरोबर फार झपाट्याने वाढतं; न्यूटनच्या सरळ प्रमाणात ते बसत नाही. वर साय धरली की तेही मंदावतं.

खोलीचं तापमान चुकीचं धरलं, तरी k असाच सरकतो. मग कारण कोणतं, हे कसं ओळखायचं? कपावर बशी झाकून तापमापक कडेने आत सोडा आणि पुन्हा मोजा. k लहान येऊन जवळपास एकसारखा राहिला, तर दोष वाफेचा. तरीही तो सरकतच राहिला, तर चुलीपासून दूर, कपाच्या शेजारी दुसरा तापमापक ठेवून खोलीचं तापमान नव्याने घ्या.