हप्ता तोच, मुदत मात्र वेगळी

एप्रिल २०२२. नाशिकमध्ये खासगी नोकरी करणारे अडतीस वर्षांचे गृहस्थ फ्लॅटसाठी ३० लाखांचे कर्ज घेतात, असे धरू. मुदत वीस वर्षे, व्याजाचा दर ६.७५ टक्के, पण बदलता. हप्ता बसतो २२,८११ रुपये. शेवटचा हप्ता मार्च २०४२ मध्ये जाणार, म्हणजे निवृत्तीच्या दोन वर्षे आधी घर मोकळे होणार. हिशेब चोख आहे. दर महिन्याला खात्यातून तेवढीच रक्कम वजा झाल्याचा एसएमएस येतो आणि वर्षभरात त्या आकड्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही.

फरक पडला तो दुसरीकडे. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० वर नेला. पुढे जून, ऑगस्ट, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये तो वाढतच गेला आणि ८ फेब्रुवारी २०२३ रोजी ६.५० टक्क्यांवर पोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या एखाद्या मापाला बांधणे बंधनकारक आहे. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दरच निवडला. निदान दर तीन महिन्यांनी कर्जाचा दर त्या मापाशी जुळवून घ्यावा लागतो. म्हणजे मुंबईत रेपो वाढला की नाशिकच्या फ्लॅटचे व्याज थोड्याच काळात वाढते.

मग हप्ता का वाढला नाही? कारण दर बदलला की हप्ता तोच ठेवून मुदत लांबवायची, ही अनेक बँकांची नेहमीची पद्धत होती. त्यात सोय दोघांचीही होती. कर्जदाराच्या घरखर्चाला धक्का लागत नाही आणि बँकेला खात्यातून पैसे वळते करण्याची मंजुरी नव्याने घ्यावी लागत नाही. तक्रार घेऊन कुणी शाखेत येत नाही. पण वाढलेले व्याज कुठून तरी वसूल व्हायलाच हवे, आणि ते मुदतीतून होते.

हे कसे घडते ते पाहायचे तर हप्ता फोडून बघावा लागतो. प्रत्येक हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज वळते होते आणि जे उरेल तेच मुद्दलात जमा होते. या कर्जाच्या पहिल्या हप्त्यात व्याज होते १६,८७५ रुपये आणि मुद्दल ५,९३६. म्हणजे कर्ज फेडण्याचे खरे काम या सहा हजारांच्या आतल्या रकमेवर चालले होते. व्याज वाढले की काटछाट नेमकी हिच्यातच होते.

दर प्रत्येक तिमाहीच्या सुरुवातीला बदलला असे समजू. जुलै २०२२ मध्ये तो ७.६५ झाला. हप्त्यातले मुद्दल ३,८०० रुपयांवर आले आणि उरलेले २३७ हप्ते २८२ झाले. ऑक्टोबरमध्ये दर ८.६५. मुद्दलात जेमतेम १,४०० रुपये पडू लागले आणि उरलेले हप्ते झाले ३८९, म्हणजे कर्ज २०५५ पर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये दर ९ टक्के झाला तेव्हा मुद्दलाच्या वाट्याला महिन्याला ५६३ रुपये येत होते. त्या वेगाने हे कर्ज फिटायला आणखी एक्केचाळीस वर्षे लागली असती.

एप्रिल २०२३ मध्ये दर ९.२५ झाला. तोवर बारा हप्ते भरूनही शिल्लक होती २९ लाख ६४ हजार ६९३ रुपये. तिच्यावरचे एका महिन्याचे व्याज २२,८५३ रुपये, आणि हप्ता २२,८११. हप्ता व्याजालाही पुरेना. बेचाळीस रुपये कमी पडले आणि ते मुद्दलात चढले. यापुढे नियमाने हप्ते भरणाऱ्या माणसाचे कर्ज दर महिन्याला थोडे थोडे वाढत जाणार होते. ते कधीच फिटले नसते.

हा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. याच हप्त्याच्या एखाद्या जुन्या कर्जाची पाच वर्षे उरली असतील आणि दर ६.७५ वरून थेट ९.२५ झाला, तरी साठ हप्त्यांचे पासष्ट होतात, एवढेच. शिल्लक थोडी असल्याने हप्त्याचा मोठा भाग मुद्दलातच जात असतो. म्हणूनच २०२०-२१ मध्ये दर खाली असताना लांब मुदतीची कर्जे घेतलेली तरुण कुटुंबे यात सर्वांत जास्त भरडली गेली. त्यांचे मुद्दल हललेलेच नव्हते.

प्रत्यक्षात बँक मुदत वाटेल तितकी ताणू शकत नाही. एकूण तीस वर्षे किंवा कर्जदाराचे सत्तरीपर्यंतचे वय, अशी काही मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. ती गाठली की हप्ता वाढवावाच लागतो. आपल्या उदाहरणात बँकेने एकूण मुदत तीस वर्षांवर आणून ठेवली, तर एप्रिल २०२३ पासून हप्ता २४,५४९ रुपये होतो आणि तो आणखी २९ वर्षे भरायचा असतो. मुदत मूळचीच, मार्च २०४२ पर्यंत ठेवायची असेल, तर हप्ता २७,६५५ लागतो. दोन्हींत महिन्याला ३,१०६ रुपयांचा फरक. दर ९.२५ वरच राहिला असे धरले, तर लांब मुदतीच्या वाटेने एकूण सुमारे साडेबावीस लाख रुपये जास्त जातात.

काहींना लांबलेली मुदतच परवडते, हेही खरे आहे. घरात एकच कमाई, मुलांची फी, आईवडिलांची औषधे असताना महिन्याचे जादा पाच हजार आणायचे कुठून? अशा घरात हप्ता न वाढणे हा मोठा आधार असतो. प्रश्न निवड कोणी करायची याचा आहे. कर्जदाराला न विचारता, कित्येकदा न सांगताही ती झाली.

अशा तक्रारी वाढल्यावर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. दर बदलल्याने हप्ता किंवा मुदत बदलणार असेल तर ते कर्जदाराला लगेच कळवायचे. हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही थोडेथोडे करणे, आणि कधीही काही किंवा सगळी रक्कम आगाऊ भरणे, हे पर्याय त्याला द्यायचे. मुदत ताणताना मुद्दल उलटे वाढत जाणार नाही याची काळजी घ्यायची. दर तिमाहीला सोप्या भाषेतले विवरण उपलब्ध करून द्यायचे, त्यात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असायला हवा. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचे होते. स्थिर दराकडे वळण्याची मुभा देणेही त्यात बंधनकारक होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र ती द्यायची की नाही हे बँकेवर सोडले आहे.

हे तिमाही विवरण बँकेच्या ॲपमध्ये किंवा ईमेलमध्ये येऊन पडलेले असते आणि बहुतेक घरांत ते कुणी उघडत नाही. त्यात पाहायचा आकडा एकच, उरलेल्या हप्त्यांचा. तीन महिन्यांत तो तीनने कमी व्हायला हवा. तसा झाला नाही किंवा उलट वाढला, तर मुदत ताणली गेली आहे. दुसरी खूण जवळजवळ प्रत्येकाच्या हातात असते. आयकरासाठी दरवर्षी बँकेकडून व्याजाचा दाखला घेतला जातो आणि लोक त्यातली वजावटीची रक्कम पाहून तो फायलीत लावून टाकतात. आपल्या नाशिकच्या गृहस्थांनी पहिल्या वर्षी २ लाख ७३ हजार ७३२ रुपये भरले. दाखल्यात मुद्दल दिसले असते ३५ हजारांच्या आसपास. दर बदलला नसता तर ते ७३ हजारांहून जास्त असायला हवे होते.

वेळेवर लक्षात आले तर उपाय सोसवतो. जुलै २०२२ मध्येच हप्ता १,६१७ रुपयांनी वाढवून २४,४२८ केला असता, तर मार्च २०४२ ची तारीख त्या वेळच्या दराने जागची हलली नसती. वर्षभर थांबल्यावर तेच काम ४,८४४ रुपयांच्या वाढीवर गेले. हप्ता मूळचाच ठेवून ही तारीख परत आणायची, तर एप्रिल २०२३ मध्ये एकरकमी ५ लाख १९ हजार भरावे लागले असते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आगाऊ भरण्यासाठी दंड लावता येत नाही. तरी रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे लागते, नाहीतर बँक हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवू शकते. शाखेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

२०२५ मध्ये वारे फिरले. फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. दर उतरला की ताणलेली मुदत आपोआप पूर्ववत होते, असा अनेकांचा समज आहे. आपल्या उदाहरणात २४,५४९ चा हप्ता तसाच चालू ठेवला, तर जानेवारी २०२६ मध्ये दर ८ टक्के झाल्यावर ३१५ ऐवजी २३० हप्ते उरतात. मूळ ठरल्याप्रमाणे १९५ उरायला हवे होते. म्हणजे सुरुवातीपेक्षा मोठा हप्ता भरूनही जवळजवळ तीन वर्षांचे कर्ज जास्तीचे राहते.

आणि त्याच वेळी बँकेने हप्ता कमी करून ३१५ हप्ते तसेच ठेवले, तर नवा हप्ता येतो साधारण २१,९०० रुपये, म्हणजे एप्रिल २०२२ मधल्या पहिल्या हप्त्यापेक्षाही कमी. एसएमएस वाचून घरात समाधान वाटेल. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता मात्र मार्च २०५२ मध्ये जाईल, तेव्हा कर्जदार अडुसष्ट वर्षांचे असतील आणि पगार बंद होऊन आठ वर्षे झालेली असतील.