लहान केलेल्या फोटोची धार

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो वेबसाइटसाठी १२०० पिक्सेलवर आणला, की शिखरावरचं कोरीवकाम थोडं मवाळ दिसू लागतं. साहजिकच आहे, मूळच्या सुमारे २५ पिक्सेलांची सरासरी आता एका पिक्सेलमध्ये बसवलेली असते. गेलेला तपशील परत येत नाही, पण कडा उठावदार करता येतात. ते काम फोटोशॉपमधला अनशार्प मास्क करतो.

हा फिल्टर फोटोची धूसर प्रत मनातल्या मनात तयार करतो आणि मूळ फोटोशी ताडून पाहतो. फरक दिसेल तिथे, म्हणजे कडेवर, उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद होते.

हा बदल कडेपासून किती दूर पसरावा, ते रेडियस ठरवतं. खरी गडबड इथेच होते. छपाईच्या सवयीने रेडियस २ ठेवलं, तर शिखर आणि आकाश यांच्यामध्ये पांढरी रेघ उमटते. लहान फोटोला ०.३ ते ०.५ पुरतं. अमाउंट म्हणजे बदलाचा जोर. सुरुवात १०० टक्क्यांपासून करावी.

थ्रेशोल्ड शून्य असेल, तर निळ्या आकाशातले बारीक दाणेही धारदार होतात. ३ ठेवलं, की तेवढे किरकोळ फरक फिल्टर सोडून देतो. फार वाढवलं, तर दगडाचा पोतही सुटतो.

फोटो १०० टक्के आकारात पाहूनच आकडे ठरवा, आणि आकार पुन्हा बदललात तर मूळ फाइलपासून सुरुवात करा.