चौऱ्याण्णवचं कोडं

सांगलीतला एक फोटो स्टुडिओ. लग्नसराईचे दिवस, आणि एका लग्नाचे साधारण 40 जीबी फोटो एका डेस्कटॉपवरून आतल्या खोलीतल्या अल्बम डिझाइनच्या कॉम्प्युटरवर पाठवायचे होते. दोन्ही मशीन केबलने राउटरला जोडलेली. तरी पडद्यावर कॉपीचा वेग सेकंदाला 11 एमबीच्या वर सरकत नव्हता, आणि एवढ्या कामाला जवळपास तास लागत होता. इंटरनेटचा प्लॅन 300 एमबीपीएसचा; मोबाइलवर वायफायने अडीचशेच्या पुढे वेग मिळायचा, पण डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट केली की 94. सकाळी 94, रात्री 94, सर्व्हर बदलला तरी 94.

केबलचा वेग वायफायपेक्षा कमी यावा हे मालकाला पटेना. त्यांनी इंटरनेटवाल्यांकडे तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ आला, त्याने डेस्कटॉपची केबल काढून तीच स्वतःच्या लॅपटॉपला लावली. वेग 290 च्या घरात. “दादा, लाइन ओके आहे. केबल पण ओके आहे. तुमच्या पीसीतच काहीतरी आहे,” एवढं सांगून तो गेला.

त्या एका कृतीत निम्मं निदान झालं होतं. बाकीचं निम्मं 94 या आकड्यातच होतं.

खरोखर गर्दीमुळे मंदावलेलं इंटरनेट असं एका आकड्यावर ठाम राहत नाही. ते कधी 40, कधी 180 असं हेलकावे खातं. दिवसरात्र 94-95 येत असेल, तर कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातली जोडणी 100 एमबीपीएसवर ठरलेली आहे असं समजावं. केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला पत्ता, तपासणीचे अंक आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा लागते. 1538 बाइट्सची जागा घेणाऱ्या पाकिटात आपल्या कामाचा माल 1460 बाइट्सच असतो. म्हणजे शंभरातले सुमारे 95 हाती येतात. गिगाबिट जोडणीवर याच हिशेबाने 940 च्या आसपास मिळतात.

आता गिगाबिटची जोडणी शंभरावर का यावी? नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. 100 एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात. त्या पोर्टच्या 1, 2, 3 आणि 6 या पिनांवर येतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. केबल लावताच दोन्ही टोकांची उपकरणं आपसात वेग ठरवतात, आणि ही बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरूनच होतात. दोघंही “आम्हाला गिगाबिट जमतं” असं कळवतात, प्रयत्न करतात, पण चौथ्या, पाचव्या, सातव्या किंवा आठव्या पिनेचा संपर्क नसेल तर जुळणी फसते. मग बरीचशी उपकरणं आपणहून 100 वर उतरतात. काही उतरत नाहीत. त्यांची जोडणी सारखी तुटते आणि लागते.

या बिघाडाचा खरा त्रास इथे आहे. इंटरनेट चालू असतं, दिवा लागलेला असतं, पडद्यावर एकही सूचना येत नाही. माणूस वर्षानुवर्षं प्लॅन वाढवत राहतो आणि वेग तिथेच राहतो.

स्टुडिओच्या मालकांनी मोबाइलचा टॉर्च लावून डेस्कटॉपच्या पोर्टमध्ये पाहिलं. आत आठ बारीक सोनेरी तारा एका रांगेत तिरक्या उभ्या असतात. प्लग आत गेला की स्प्रिंगसारख्या दबून त्याच्या पट्ट्यांना टेकतात. सात तारा एका पातळीत होत्या. एक खाली दबून शेजारणीला चिकटली होती. कधीतरी कुणीतरी प्लग तिरका घुसवला असणार. असं दिसलं तरी टाचणीने उचकटू नये. तार तुटली की पोर्ट कायमचा जातो. कधी सगळ्या तारा नीट दिसतात आणि दोष आतल्या सोल्डरमध्ये किंवा चिपमध्ये असतो. पावसाळ्यात वीज पडल्यावर केबलमधून आलेल्या धक्क्याने असं होऊ शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

पोर्ट बाद ठरला, म्हणून मालकांनी ड्रॉवरमधला जुना यूएसबी लॅन अडॅप्टर काढून लावला. वेग पुन्हा 94!

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आकडा तोच आला म्हणजे दोष दुसरीकडे आहे असं वाटतं. पण कारण नवीन होतं: तो अडॅप्टरच 100 एमबीपीएसचा होता. विंडोजमध्ये हे नावावरूनच कळतं. पॉवरशेल उघडून ही एक ओळ टाइप करावी:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, InterfaceDescription, LinkSpeed
```

यादीत प्रत्येक नेटवर्क उपकरणाचं नाव आणि ठरलेला वेग दिसतो. स्टुडिओच्या अडॅप्टरसमोर `Realtek USB FE Family Controller` आणि `100 Mbps` असं होतं. `FE` म्हणजे फास्ट इथरनेट. नाव फास्ट असलं तरी हा शंभराचाच जुना प्रकार. गिगाबिट अडॅप्टरच्या नावात तिथे `GbE` असतं. आपल्या अंगच्या पोर्टसमोर शंभर दिसलं, तर आधी त्याच्या सेटिंगमधलं `Speed & Duplex` एकदा पाहावं. तिथे कुणी शंभर पक्कं करून ठेवलं असेल, तर ते `Auto Negotiation` वर आणलं की काम होतं आणि पोर्ट बदलावा लागत नाही.

मालकांनी नवा गिगाबिट अडॅप्टर आणला आणि कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीत लावला. यादीत `1 Gbps` आलं, स्पीड टेस्ट 290 च्या आसपास. प्रश्न सुटला असं वाटलं. पण 40 जीबी फोटोंना अजून वीस मिनिटं लागत होती.

पुढचं ते सॉकेट यूएसबी 2.0 होतं. त्याची कागदावरची मर्यादा 480 एमबीपीएस, प्रत्यक्षात हाती साधारण 300. यादीतला आकडा अडॅप्टर आणि राउटर यांच्यामधला असतो. अडॅप्टर आणि कॉम्प्युटर यांच्यामधली वाट किती अरुंद आहे हे तो सांगत नाही. 2018 साली आलेल्या रास्पबेरी पाय 3 बी प्लस या छोट्या कॉम्प्युटरचं असंच होतं. त्याला गिगाबिट पोर्ट होता, पण तो आतून यूएसबी 2.0 ने जोडलेला असल्यामुळे कमाल वेग 300 एमबीपीएस, असं बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं होतं. स्टुडिओचा प्लॅन नेमका 300 चा, म्हणून इंटरनेटवर ही अडचण झाकली गेली. घरातल्या घरात फाइल पाठवल्यावरच ती उघडी पडली.

अडॅप्टर मागच्या निळ्या सॉकेटमध्ये हलवला. हा निळा रंग बहुधा यूएसबी 3 ची खूण असतो, आणि त्याची क्षमता 5 जीबीपीएस, गिगाबिटला भरपूर. सेकंदाला 110 एमबीच्या वर वेग आला आणि तेवढेच फोटो सहा मिनिटांत आतल्या खोलीत पोचले. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट रिकामा असेल, तर डेस्कटॉपसाठी आत बसणारं गिगाबिट कार्ड अधिक चांगलं. धक्का लागून ते निघत नाही.

तुमच्या डेस्कटॉपवर 94 चा आकडा हटत नसेल, तर प्लॅन वाढवण्याआधी वरची ओळ टाइप करून पाहा. मग तीच केबल दुसऱ्या, गिगाबिट पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावा. तिथेही शंभरच दिसलं, तर केबल किंवा राउटरचा पोर्ट बदलून पाहा. स्वस्तातल्या अनेक राउटरांचे पोर्ट मुळातच शंभराचे असतात. लॅपटॉपवर हजार दिसलं, तर टॉर्च घ्या आणि डेस्कटॉपच्या पोर्टमधल्या आठ तारा मोजा.