शिफारसपत्र कोणाकडे आणि कसे मागावे

नोकरीच्या अर्जाला लागणारी तीन कागदपत्रे बऱ्याचदा एकच समजली जातात. अनुभव प्रमाणपत्र कंपनीचा एचआर विभाग देतो आणि त्यात साधारणपणे पद व नोकरीचा कालावधी एवढेच असते. चारित्र्य प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या कार्यालयातून ठरावीक नमुन्यात मिळते. शिफारसपत्र मात्र एक व्यक्ती दुसऱ्याच्या कामाबद्दल स्वतःच्या नावाने लिहिते. पहिली दोन कागदपत्रे अर्ज केला की मिळतात. तिसरे देणे-न देणे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणून ते मागण्याची रीतही वेगळी आहे.

उदाहरणार्थ, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तारापूरच्या औषध कंपनीतील क्यूसी प्रयोगशाळेत दोन वर्षे काम केलेली एक तरुणी संशोधन संस्थेतील प्रकल्प सहायकाच्या जागेसाठी अर्ज करते आहे. अर्जाची शेवटची तारीख 30 जून आहे आणि संस्थेला दोन शिफारसपत्रे हवी आहेत.

पहिला प्रश्न ती कोणाकडून घ्यावीत हा. विभागप्रमुखांचे पद मोठे, पण त्यांनी तिला फक्त वर्गात पाहिले असेल, तर ‘विद्यार्थिनी हुशार व मेहनती आहे’ यापलीकडे त्यांना लिहिता येणार नाही. निवड समितीच्या दृष्टीने अशा वाक्याला फारसे वजन नसते. तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेने मात्र तिचे फसलेले प्रयोग आणि त्यातून तिने काढलेली वाट, दोन्ही पाहिलेले असते. कंपनीतही कारखान्याच्या व्यवस्थापकापेक्षा तिचे रोजचे अहवाल तपासून सही करणारे सेक्शन इन्चार्ज अधिक उपयोगी.

विचारणा निदान तीन आठवडे आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हावी. ‘पत्र द्याल का?’ असे विचारले की भिडेपोटी होकार मिळतो. त्याऐवजी ‘मॅडम, माझ्या प्रयोगशाळेतील कामाबद्दल तपशिलाने लिहिता येईल असे आपल्याला वाटते का?’ असे विचारले, तर नकाराला सन्मानाची जागा राहते. ‘बघू’, ‘आठवत नाही फारसे’ अशी उत्तरे आली, तर ती नकारच समजून दुसरे नाव शोधणे बरे. कोमट पत्रापेक्षा न मिळालेले पत्र परवडते.

होकार मिळाल्यावर एकाच ईमेलमध्ये सगळी सामग्री पाठवावी: जागेची जाहिरात, बायोडेटा, पत्र कोणाच्या नावे व कोणत्या मार्गाने पाठवायचे, शेवटची तारीख आणि कामाची आठवण देणारे पाच-सहा मुद्दे. ‘प्रामाणिकपणे काम केले’ हा मुद्दा कोणाच्याही पत्रात चालतो, म्हणून तो निरुपयोगी. ‘एचपीएलसीवर एका गोळीच्या चाचणीत निकाल सारखे बदलत होते; नमुना गाळण्याच्या फिल्टरवर औषध अडकते, हे मी शोधले आणि पद्धतीत बदल सुचवला’ असा मुद्दा इन्चार्जना तो प्रसंग आठवून देतो. कोणता मुद्दा घ्यायचा, हे मात्र त्यांच्यावर सोडावे.

बरेच प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ यात धोका आहे. दोन्ही पत्रे एकाच हाताने लिहिली, तर शब्द आणि वाक्यरचना सारखी येते आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवते. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना संकोचाने पत्र मोघम होते. अशा वेळी मजकुराऐवजी मुद्दे द्यावेत आणि ‘आपण पाहिलेले एखादे काम आपल्या शब्दांत लिहाल का?’ अशी विनंती करावी.

माजी वरिष्ठांची अडचण वेगळी असते. अनेक कंपन्या व्यवस्थापकांना लेटरहेडवर अशी पत्रे देऊ देत नाहीत. तेव्हा इन्चार्जनी वैयक्तिक नात्याने, साध्या कागदावर, आपले पद आणि तिच्या कामावर देखरेख केल्याचा काळ नमूद करून लिहावे. तेही शक्य नसेल, तर फोनवर माहिती देण्याची त्यांची तयारी विचारून, परवानगी मिळाल्यावरच त्यांचा क्रमांक अर्जात द्यावा. न विचारता दिलेल्या क्रमांकावर अचानक फोन गेला, तर समोरचा माणूस गोंधळतो आणि ते उत्तर उमेदवाराच्या विरोधात जाते.

काही संस्था पत्र गोपनीय ठेवतात आणि शिफारस करणाऱ्याला परस्पर लिंक पाठवतात. हा ईमेल कधीकधी स्पॅममध्ये जातो, म्हणून अर्ज भरताच ‘लिंक मिळाली का?’ हे विचारावे. संस्थेचा अधिकृत ईमेल पत्ता असल्यास तोच द्यावा. खासगी पत्ता काही ठिकाणी स्वीकारत नाहीत. गोपनीय पत्राची प्रत मागू नये.

शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी एकदा आणि दोन दिवस आधी पुन्हा एकदा आठवण करणे पुरेसे असते. निकाल लागल्यावर, निवड झालेली नसली तरी, दोघांनाही कळवावे. पुढच्या अर्जासाठी बहुधा त्यांच्याकडेच जावे लागते.